दोनच सर्व्हर बघा आणि कमी गर्दीचा घ्या: सोलापूरच्या एका बिलिंग सिस्टीमचं प्रकरण

सोलापुरातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीचं हे प्रकरण आहे, नाव देत नाही. त्यांचं बिलिंगचं सॉफ्टवेअर चाटी गल्लीतले कापडवाले वापरतात, नवी पेठेतली दुकानं वापरतात, आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतले चादर-टॉवेलचे कारखानदार पण वापरतात. दुकानात बिल टाकलं की त्याची पीडीएफ बनते, महिन्याचा जीएसटी रिपोर्ट बनतो, खातेवही निघते. ही सगळी जड कामं मुंबईतल्या डेटा सेंटरमधले आठ सर्व्हर करतात, आणि त्यांच्या पुढं तीन छोटे प्रोग्रॅम बसलेले असतात जे आलेली विनंती घ्यायची आणि आठपैकी एकाकडं ढकलायची एवढंच काम करतात. कुणाकडं ढकलायची हे कसं ठरायचं, तर चिठ्ठी टाकल्यासारखं, पूर्णपणे रँडम. कोडमध्ये `random.choice(servers)` अशी एक ओळ होती आणि ती बरीच वर्षं बिनतक्रार चाललेली होती.

अडचण यायची ती महिन्याच्या १० आणि ११ तारखेला संध्याकाळी. दरमहा भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ ची शेवटची तारीख ११, त्यामुळे सगळे व्यापारी आणि त्यांचे टॅक्सवाले एकाच वेळी रिपोर्ट काढायला बसतात, वर रोजची बिलं चालूच असतात. त्या वेळी कस्टमर केअरचा फोन खाली ठेवता येत नसे. "ओ साहेब, बिल निघंना की, गाडी भरून दारात उभी आहे, ड्रायव्हर ओरडायलाय" अशा पद्धतीचे फोन, आणि हे फोन खरे होते, कारण बिलाचा कागद हातात आल्याशिवाय ट्रान्सपोर्टवाला गाडी हलवत नाही.

मला बोलावलं तेव्हा टीम लीडचा प्रश्न साधा होता. "सर, आठही सर्व्हरचा सीपीयू मिळून सरासरी नव्वद टक्क्यांच्या आसपास दिसतो, शंभर कधीच होत नाही, म्हणजे जागा शिल्लक आहे, मग लोकांना अर्धा अर्धा मिनिट का थांबावं लागतंय?" मी म्हटलं सरासरी राहू द्या बाजूला, प्रत्येक सर्व्हरच्या दारात आत्ता किती कामं उभी आहेत ते दाखवा. हा आकडा त्यांच्या डॅशबोर्डवर नव्हताच, म्हणून आधी तो काढला. गर्दीच्या वेळचा एक क्षण असा दिसला, चालू असलेलं काम धरून:

```
s1: 0   s2: 17   s3: 3   s4: 0
s5: 24  s6: 6    s7: 9   s8: 1
```

सगळं दुखणं या दोन ओळींत आहे. s1 आणि s4 मोकळे बसलेत, s8 जवळपास मोकळा, आणि s5 च्या दारात २४ जण उभे. एक सर्व्हर एका वेळी एकच काम करतो (रिपोर्ट बनवताना अख्खा प्रोसेसर खातो म्हणून तसंच ठेवलेलं), एका कामाला सरासरी एक सेकंद, म्हणजे s5 च्या रांगेत शेवटी लागलेल्या माणसाला २४ सेकंद थांबायचंय आणि त्याला s1 कडं पाठवलं असतं तर एका सेकंदात सुटला असता. पाठवणाऱ्याला मात्र हे माहीतच नाही, कारण तो बघतच नाही. चिठ्ठीला डोळे नसतात.

आता पहिल्यांदा मनात येतं ते असं की रँडम म्हणजे सगळ्यांना सारखंच जाणार ना, मग एवढा फरक कसा पडतो. दिवसभराचा हिशेब केला तर खरंच सारखं जातं, प्रत्येक सर्व्हरला आठवा हिस्सा. पण रांग दिवसभराच्या हिशेबाने लागत नाही, ती आत्ताच्या पाच-दहा सेकंदांत लागते, आणि तेवढ्या छोट्या वेळात रँडम अजिबात सारखं नसतं. आठ विनंत्या आल्या आणि आठ सर्व्हरवर रँडम टाकल्या तर प्रत्येकाला बरोबर एक मिळण्याची शक्यता ८! भागिले ८ चा आठवा घात, म्हणजे साधारण ०.२४ टक्के, चारशेत एकदा. एखाद्या ठरावीक सर्व्हरला एकही न मिळण्याची शक्यता (७/८) चा आठवा घात, ०.३४ च्या वर, म्हणजे आठातले सरासरी पावणेतीन सर्व्हर रिकामे राहणार आणि त्यांच्या वाटची कामं दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर बसणार. कुठं बिघाड आहे म्हणून असं होत नाही, रँडमचा स्वभावच हा.

यात भर म्हणजे एकदा रांग लागली की ती उतरायला वेळ लागतो, विशेषतः भार जास्त असताना. त्यांच्याकडं गर्दीच्या वेळी सेकंदाला साधारण ७.२ विनंत्या येत होत्या, आठ सर्व्हर सेकंदाला ८ कामं करू शकतात, म्हणजे भार ०.९. रँडम वाटपात प्रत्येक सर्व्हर म्हणजे स्वतंत्र एकटी रांग होते, आणि अशा रांगेचा जुना हिशेब आहे की आत जाऊन बाहेर पडायला लागणारा सरासरी वेळ म्हणजे कामाचा वेळ भागिले (१ वजा भार). एक भागिले ०.१, म्हणजे १० सेकंद. एक सेकंदाच्या कामाला दहा सेकंद! आणि ही सरासरी झाली, याच हिशेबाने दर वीसमधल्या एका माणसाला ३० सेकंदांपेक्षा जास्त थांबावं लागतं. (हा हिशेब धरतो की विनंत्या केव्हाही येतात आणि कामांची लांबी कमीजास्त असते पण ठरावीक पद्धतीने पसरलेली असते. खऱ्या रिपोर्टमध्ये लांबीचा फरक याहून जास्त असतो, त्यामुळे खरी परिस्थिती बहुतेक वेळा याहून थोडी वाईटच असते.)

३० सेकंद हा आकडा मी मुद्दाम काढला, कारण दुकानातल्या प्रोग्रॅमचा टाइमआउट नेमका तेवढाच होता. ३० सेकंदांत उत्तर नाही आलं की "पुन्हा प्रयत्न करा" येतं आणि माणूस लगेच बटण दाबतो, त्याच्या जागी कोणीही दाबेल. पण सर्व्हरला कळत नाही की आधीचा माणूस निघून गेला, तो जुनी पीडीएफ पण बनवतो आणि नवीन पण बनवतो. म्हणजे ५ टक्के विनंत्या दोनदा आल्या, भार ०.९ वरून ०.९४५ झाला, आणि ०.९४५ ला सरासरी वेळ १८ सेकंदांवर जातो, मग ३० च्या वर जाणारे ५ टक्के राहत नाहीत, १९ टक्के होतात, ते परत बटण दाबतात, आणि भार एकच्या वर गेला की रांग उतरतच नाही. ११ तारखेच्या संध्याकाळी सिस्टीम "हँग" व्हायची ती अशी, आणि लोक कंटाळून जेवायला गेले की आपोआप सुरळीत व्हायची, त्यामुळे दुसऱ्या दिवशी लॉगमध्ये काहीच ठोस सापडायचं नाही.

टीमने ठरवलं होतं की चार सर्व्हर वाढवायचे. उपाय चुकीचा नाही, १२ सर्व्हरवर भार ०.६ होतो आणि रँडमनेच वेळ अडीच सेकंदांवर येतो, पण महिन्यातल्या दोन संध्याकाळींसाठी महिनाभर दीडपट भाडं द्यायचं हे छोट्या कंपनीला जड जातं, आणि जे आठ आहेत त्यातले दोन-तीन मोकळे बसलेत हे दिसत असताना तर जास्तच.

दरम्यान त्यांच्यातल्या एकाने अजून एक मार्ग करून बघितला होता आणि तो का फसला हे समजून घेण्यासारखं आहे, कारण तो मार्ग वरवर बघता सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. रँडम कशाला, आठही सर्व्हरमधला सगळ्यात रिकामा शोधू आणि त्यालाच देऊ. मॉनिटरिंगचा प्रोग्रॅम दर ५ सेकंदांनी आठही सर्व्हरची रांग मोजून एका टेबलात लिहायचा, तीनही वाटप करणारे तेच टेबल वाचायचे. आता बघा काय होतं. टेबलात s4 सगळ्यात रिकामा दिसतो, पुढचं मोजमाप ५ सेकंदांनी, तोपर्यंत ७.२ गुणिले ५ म्हणजे ३६ विनंत्या येतात आणि त्या छत्तीसच्या छत्तीस s4 वर जातात. पुढच्या टेबलात s4 सगळ्यात भरलेला, आता s7 रिकामा दिसतो, मग पुढचा सगळा लोंढा s7 वर. ग्राफवर आठही रेषा करवतीच्या दातांसारख्या वर-खाली उड्या मारत होत्या आणि एकूण तक्रारी रँडमपेक्षा वाढल्या. माहिती खरी असते पण शिळी असते, आणि सगळे जण त्या एकाच शिळ्या माहितीवर एकसारखं वागतात, त्यामुळे झुंड तयार होते.

या दोन टोकांच्या मधे जो मार्ग आहे तो इतका छोटा आहे की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. आठपैकी दोन सर्व्हर रँडम निवडा. फक्त त्या दोघांना विचारा, तुमच्याकडं किती कामं आहेत. ज्याच्याकडं कमी आहेत त्याला द्या. बस. सगळ्यांना विचारायचं नाही, टेबल ठेवायचं नाही, एकमेकांशी बोलायचं नाही.

टीम लीडने लगेच विचारलं की दोघांतला कमी म्हणजे आठातला कमी नव्हे, मग अर्धवट उपाय झाला की हा. आणि तिसरा, चौथा का नाही बघायचा? हे प्रश्न बरोबर आहेत आणि त्यांची उत्तरं गणितात आहेत, ते गणित अवघडही नाही, एकदा नीट बघितलं की विसरता येत नाही.

असं धरा की निदान ४ कामं असलेल्या सर्व्हरचा हिस्सा म्हणजे काहीतरी आकडा आहे, समजा एकूण सर्व्हरपैकी पाचवा भाग. आता निदान ५ कामं असलेले किती असतील? एखाद्या सर्व्हरवर पाचवं किंवा त्याच्या पुढचं काम जाऊन बसायचं तर नवीन विनंती अशा सर्व्हरकडं जायला पाहिजे जिथं आधीच ४ किंवा जास्त आहेत. रँडममध्ये तसं होण्याची शक्यता सरळ पाचवा भाग, ०.२. पण दोन बघून कमी घेणार असाल तर निवडलेले *दोघेही* तसे भरलेले निघाले पाहिजेत, तरच तुमचा नाइलाज होईल, आणि दोघेही तसे निघण्याची शक्यता ०.२ गुणिले ०.२, म्हणजे ०.०४. एकाने जरी हात वर केला की माझ्याकडं जागा आहे तरी तुम्ही सुटलात. आणि कामं जेवढ्या वेगाने येतात तेवढ्याच वेगाने संपतात हा समतोल मांडला की नियम असा निघतो: रँडममध्ये पुढच्या पायरीचा हिस्सा म्हणजे आधीच्या पायरीचा हिस्सा गुणिले भार, आणि दोनच्या निवडीत आधीच्या हिस्स्याचा *वर्ग* गुणिले भार.

वर्ग होतो, आणि प्रत्येक पायरीला परत वर्ग होतो. भार ०.९ घेऊन पायऱ्या मोजल्या. रँडममध्ये निदान १ काम असलेले ९० टक्के, निदान २ असलेले ८१, मग ७३, ६६, ५९, आणि निदान ६ कामं असलेले ५३ टक्के, म्हणजे निम्म्याहून जास्त सर्व्हरच्या दारात सहा-सहा जण. दोनच्या निवडीत सुरुवात तीच, ९० टक्के, मग ७३, मग ४८, मग २१, मग एकदम ३.८, आणि निदान ६ असलेले ०.१३ टक्के. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांवर फार फरक दिसत नाही आणि मग आकडा कोसळतो. म्हणून सरासरी भार तोच राहतो, सीपीयूचा ग्राफ तसाच नव्वदवर दिसतो, फक्त ती २४ ची रांग लागतच नाही.

वेळेत मांडलं तर ०.९ भाराला रँडमचे १० सेकंद होतात, दोनच्या निवडीचे २.६. तीन बघून निवडलं तर २.० च्या जरा वर. म्हणजे एकावरून दोनवर गेल्यावर सात सेकंदांहून जास्त वाचतात आणि दोनवरून तीनवर गेल्यावर जेमतेम अर्धा सेकंद वाचतो, पण विचारपूस दीडपट वाढते. तिसरा का नाही, याचं उत्तर हे. भार ०.९९ असला तर हिशेब आणखी ठळक होतो, रँडमला १०० सेकंद आणि दोनच्या निवडीला साडेपाचच्या आत. आणि उलट बाजूने, भार ०.५ असेल तर रँडमला २ सेकंद आणि दोनच्या निवडीला सव्वा, म्हणजे ज्यांची सिस्टीम कायम निम्मी रिकामी असते त्यांना हे बदलून फार काही जाणवणार नाही, आणि या कंपनीला महिन्याचे उरलेले दिवस काही जाणवत नव्हतं ते पण त्यामुळेच. हे सगळे आकडे सर्व्हर भरपूर आहेत असं धरून काढलेले असतात, आठच असतील तर २.६ ऐवजी थोडे जास्त येतात, पण चित्र बदलत नाही.

हे गणित नवं नाही. १९९४ मध्ये अझार, ब्रोडर, कार्लिन आणि अपफाल या चौघांनी चेंडू आणि डब्यांच्या रूपात ते मांडलं: n डब्यांत n चेंडू रँडम टाकले तर सगळ्यात भरलेल्या डब्यात साधारण log n भागिले log log n एवढे चेंडू असतात, आणि दोन डबे बघून कमी भरलेल्यात टाकले तर तो आकडा log log n च्या पातळीवर उतरतो. रांगांसाठीचा वरचा हिशेब १९९६ मध्ये बर्कलीत मायकल मिट्झेनमाखर यांच्या पीएचडीत आला, आणि त्याच वर्षी रशियात व्हेदेन्स्काया, दोब्रुशिन आणि कार्पेलेविच यांनी पण स्वतंत्रपणे काढला. आज एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये हे एका ओळीत मिळतं, `random two least_conn;`, आणि एन्व्हॉय या प्रॉक्सीच्या लीस्ट रिक्वेस्ट पद्धतीत सगळ्यांचं वजन सारखं असेल तर मुळातच दोन बघून निवड होते. एनजिनएक्स वापरणाऱ्यांनी एवढं बघावं की अपस्ट्रीममध्ये `zone` दिलेला आहे, नाहीतर प्रत्येक वर्कर प्रोसेस स्वतःपुरतीच कनेक्शन मोजते आणि तुलना अर्धवट माहितीवर होते.

इथं मात्र वाटप करणारा त्यांचाच पायथनचा प्रोग्रॅम होता, त्यामुळे बदल तिथंच केला:

```python
import random

def pick(servers):
    a, b = random.sample(servers, 2)
    return a if load(a) <= load(b) else b
```

`random.sample` दोन *वेगवेगळे* सर्व्हर देतो, हे महत्त्वाचं, दोनदा `random.choice` केलं तर आठात एकदा तोच सर्व्हर दोनदा येतो आणि ती वेळ फुकट जाते. दोघांकडं सारखीच कामं असली तर a मिळतो, पण a आणि b चा क्रमच रँडम असल्यामुळे कुणाकडं झुकत नाही. आधीच्या प्रयत्नात टेबल नावाने सॉर्ट केलेलं होतं आणि सारखे आकडे असले की कायम पहिला निवडला जायचा, s1 ला त्यामुळे रात्रीच्या निवांत वेळेत पण सगळ्यात जास्त काम असायचं.

खरा वाद झाला तो `load` मध्ये काय मोजायचं यावर. टीमला सीपीयू टक्केवारी घ्यायची होती, कारण ती आधीच मोजली जात होती. मी आग्रहाने नको म्हटलं. या सर्व्हरवर एक काम असलं तरी प्रोसेसर शंभर टक्के दिसतो आणि २४ असली तरी शंभरच दिसतो, म्हणजे नेमकं जे वेगळं ओळखायचंय तेच या आकड्यात दिसत नाही. वर तो आकडा मागच्या मिनिटाची सरासरी असतो, म्हणजे परत शिळी माहिती. त्याऐवजी प्रत्येक सर्व्हरने एक साधा काउंटर ठेवायचा, काम आलं की एक वाढवायचा, संपलं की एक कमी करायचा, आणि `/load` वर तोच आकडा द्यायचा. सगळं एकाच डेटा सेंटरमध्ये असल्यामुळे विचारून उत्तर यायला एखाद-दोन मिलिसेकंद, सेकंदाच्या कामापुढं ते काहीच नाही. ५० मिलिसेकंदांत उत्तर आलं नाही तर तो सर्व्हर भरलेला धरायचा. आणि काउंटर कमी करायची ओळ `finally` मध्ये टाकायची, नाहीतर पीडीएफ बनताना एरर आली की आकडा वाढलेलाच राहतो आणि काही दिवसांनी तो सर्व्हर कायमचा "भरलेला" दिसायला लागतो, कुणी त्याच्याकडं जातच नाही.

समजा ताजी माहिती मिळतच नसती, ५ सेकंद जुन्या टेबलावरच काम भागवायचं असतं, तरी दोनची निवड एवढी फसली नसती. आठातून दोन निवडताना एखादा ठरावीक सर्व्हर त्या जोडीत येण्याची शक्यता २ भागिले ८, म्हणजे २५ टक्के. तो टेबलात कितीही रिकामा दिसू दे, त्याच्याकडं एकूणातल्या पाव भागापेक्षा जास्त विनंत्या जाऊच शकत नाहीत. म्हणजे त्या ५ सेकंदांत ३६ ऐवजी ९. झुंड होत नाही, कारण प्रत्येक विनंती वेगळी जोडी बघते. टेबल फार जुनं झालं, मिनिटभर वगैरे, तर मात्र यालाही अर्थ राहत नाही आणि साधं रँडम बरं पडतं.

एक प्रश्न त्यांच्याच ज्युनियरने विचारला आणि तो मला आवडला: सगळ्यांची एकच रांग का नको, जो सर्व्हर मोकळा होईल तो पुढचं काम उचलेल. खरं सांगायचं तर हिशेबात तेच सगळ्यात चांगलं, ०.९ भाराला आठ सर्व्हरची सामाईक रांग असेल तर सरासरी १.९ सेकंद येतात, दोनच्या निवडीपेक्षाही कमी. पण त्यासाठी मधे रांगेचा वेगळा सर्व्हर ठेवायचा, तो पडला तर सगळंच पडतं म्हणून त्याची जोडी ठेवायची, आणि दुकानातला माणूस थेट कनेक्शनवर उत्तराची वाट बघत असतो ते सगळं बदलायचं. पाच-सहा जणांच्या टीमला ती सांभाळ झेपत असेल तर जरूर करावं. इथं झेपणार नव्हती, आणि दहाचे पावणेतीन-तीन होत असतील तर शेवटच्या एका सेकंदासाठी एवढं उभं करण्यात अर्थ नव्हता.

बदल केल्यानंतरच्या ११ तारखेला परत तोच क्षण बघितला. आठही सर्व्हरवर दोन, तीन, चार असे आकडे, कुठंतरी पाच, एखादा क्षणभर शून्य. सरासरी वेळ तीन सेकंदांच्या आसपास, टाइमआउट जवळपास बंद, आणि टाइमआउट नाही म्हणून दोनदा बटण दाबणं नाही, त्यामुळे भार पण आधीपेक्षा किंचित कमी दिसला. चार सर्व्हर घेतले नाहीत.

पण पुढं एक गोष्ट घडली ती दोनची निवड वापरणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवी. एका सर्व्हरची `/tmp` ची डिस्क भरली. पीडीएफ लिहिता येईना, म्हणून तो प्रत्येक कामाला काही मिलिसेकंदांत एरर देऊन मोकळा व्हायचा. म्हणजे त्याचा काउंटर कायम शून्य! जेव्हा जेव्हा तो जोडीत यायचा तेव्हा तोच जिंकायचा, आणि पाव भागाच्या आसपास विनंत्या त्याच्याकडं जाऊन फेल व्हायला लागल्या. साध्या रँडममध्ये हेच नुकसान आठव्या हिश्श्यावर थांबलं असतं. म्हणजे बिघडलेल्या पण चपळ सर्व्हरच्या बाबतीत दोनची निवड रँडमपेक्षा दुप्पट वाईट, हे मान्यच करायला हवं. (सगळ्यांत रिकामा शोधणाऱ्या पद्धतीत तर जवळपास सगळंच तिकडं गेलं असतं.) ओळखायची खूण सोपी आहे: एका सर्व्हरने "संपवलेल्या" कामांचा आकडा बाकीच्यांच्या जवळपास दुप्पट दिसायला लागतो आणि त्याची रांग मात्र नेहमी शून्य असते. चांगला चालणारा सर्व्हर असा कधी दिसत नाही. उपाय म्हणून `load` मध्येच भर टाकली, मागच्या दहा सेकंदांत जेवढ्या एरर आल्या त्या प्रत्येकीचे पाच धरून काउंटरमध्ये मिळवायचे, म्हणजे एरर देणारा सर्व्हर आपोआप गर्दीचा दिसतो, आणि सुधारला की दहा सेकंदांत परत रांगेत येतो.

शेवटची दुरुस्ती कामांच्या लांबीची. एका साड्यांच्या दुकानाचं चार ओळींचं बिल आणि एका मोठ्या डीलरचा अख्ख्या महिन्याचा रिपोर्ट, दोन्ही काउंटरमध्ये एकच मोजलं जायचं. रिपोर्टला २० सेकंद लागत असतील तर ज्याच्याकडं फक्त तो एक रिपोर्ट आहे तो सर्व्हर, चार छोटी बिलं असलेल्या सर्व्हरपेक्षा रिकामा दिसतो, आणि बिलवाला जाऊन त्या रिपोर्टच्या मागं अडकतो. काम येतानाच त्यात किती ओळी आहेत हे माहीत असतं, म्हणून आता काउंटर एकाने वाढवत नाहीत, ओळींच्या संख्येवरून अंदाजे सेकंद काढून तेवढ्याने वाढवतात आणि काम संपलं की तेवढेच वजा करतात. अंदाज अगदी बरोबर असायची गरज नाही, दोघांत कोण जास्त एवढं कळलं की पुरतं. याशिवाय हजाराच्या वर ओळी असलेले रिपोर्ट आठपैकी दोनच सर्व्हरकडं जातात आणि बिलं उरलेल्या सहांमधून जोडी निवडतात, त्यामुळे गाडी दारात उभी असलेल्या माणसाच्या पुढं आता कुणाचा महिन्याचा रिपोर्ट येत नाही.